मजकूर वाचता येत नाही

अझहरला चूक दाखवलेली खपत नसे. भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर एक वेळ ऐकून घेईल, पण मराठी टायपिंगमधली चूक दाखवली की गडी लालबुंद. आणि तसा त्याचा हक्कही होता म्हणा. कोल्हापुरात सरकारी कचेरीसमोरच्या गाळ्यात ‘अझहर कॉम्प्युटर्स’ची पाटी लागून बावीस वर्षं झाली होती. त्याआधी सहा वर्षं तो एका छापखान्यात ऑपरेटर होता. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, उरुसाच्या पावत्या असलं सगळं त्याच्या बोटांखालून गेलेलं. छापखान्यातून बाहेर पडताना त्याने तिथला फॉन्ट आणि त्या फॉन्टचा कीबोर्ड सोबत आणला, आणि तोच अजून चालवत होता. ‘ष्ट्य’ असो नाहीतर ‘द्ध्व’, कीबोर्डकडे न बघता मारायचा. मोबाइलवर इंग्रजी अक्षरं टोचून मराठी उमटवणाऱ्यांना तो टायपिस्ट मानतच नसे. युनिकोड वगैरे नावं त्याच्या कानावर आली होती. पण आपलं अडत नाही तोवर नवं कशाला शिका, असा त्याचा साधा हिशेब होता.

अडत नव्हतं हेही खरं. त्याचं सगळं काम शेवटी कागदावर उतरायचं. मेल करायचा झालाच तर तो पीडीएफ करून जोडायचा, आणि पीडीएफमध्ये फॉन्टची अक्षरं आपसूक सोबत जातात, त्यामुळे ती कुठेही उघडली तरी जशीच्या तशी दिसायची. एकच गोष्ट खटकायची. मेलच्या विषयाच्या रकान्यात त्याचं मराठी कधीच उमटायचं नाही. तिथे चिकटवलं की रिकाम्या चौकोनांची रांग उभी राहायची. हे का होतं, ते त्याने बावीस वर्षांत कुणाला विचारलं नाही. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही असं झालं असतं. विषय इंग्रजीत लिहायचा, एवढी पळवाट त्याने काढली आणि पुढे तीच रीत झाली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रत्नव्वा त्याच्या दारात आली. साठीची, काटक बाई. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, हातात पिशवी. कुरुंदवाडहून दीड तास एसटीत उभी राहून आली होती आणि समोरच्या कचेरीला कुलूप बघून हताश झाली होती. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो हे तिला माहीत होतं, म्हणून ती मुद्दाम तिसऱ्या शनिवारी आली होती. आता सगळेच शनिवार बंद असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अझहरने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्या बाबतीत माणूस चांगला होता. मग तिने पिशवीतून नोटीस काढली. ती तिला वाचता येत नव्हती. तिची शाळा सीमेपलीकडे माहेरी झालेली, चौथीपर्यंत, कानडीतून. मराठी बोलायला पक्की, पण वाचायला फक्त आकडे आणि एसटीच्या पाट्या, त्याही वळणावरून ओळखायची. नोटीस नव्या वळणरस्त्याची होती. रस्त्याची आखणी तिच्या वीस गुंठ्यांचा कोपरा कापून जात होती. जमिनीबद्दल तिचं म्हणणं नव्हतं, जाईना का. पण त्या कोपऱ्यात पवित्रा होती.

पवित्रा तिची एकुलती एक लेक. अकरा वर्षांमागे, एकोणिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या तापात गेली. त्यांच्यात पुरतात. नवरा शिवय्या तेव्हा होता, त्याने हट्टाने आपल्याच रानात जागा केली, वर दगडी कट्टा बांधला, शेजारी बेलाचं रोप लावलं. पुढे नवराही गेला, त्याला गावच्या रुद्रभूमीत नेलं. रत्नव्वा रोज सकाळी कट्टा झाडायची, पाणी घालायची आणि तिथे बसून लेकीला दिवसाचं काम सांगायची. हे सगळं तिने अझहरला न रडता सांगितलं. तिला एवढंच हवं होतं की रस्ता दहा-पंधरा फूट तिकडे सरकवावा. तिकडे पडीकच होतं.

हरकतीची मुदत मंगळवारपर्यंत होती. लेखी द्या किंवा ई-मेलने पाठवा, असं नोटिशीत होतं. ई-मेल असल्यास हरकत मेलच्या मजकुरातच लिहावी, जोडपत्र उघडलं जाणार नाही, अशीही एक ओळ होती.

“सोमवारी परत येतो की,” रत्नव्वा म्हणाली. त्या भागातल्या बायकांसारखी तीही स्वतःला ‘येतो, जातो’च म्हणायची. “हातानं दिलं म्हंजे बरं असतंय.”

“कशाला हेलपाटा, आक्का? कागूद टेबलावर हरवतोय. मेल हरवत न्हाय. आत्ता धाडतो, सोमवारी सायबाच्या फुड्यात.”

ती जरा घुटमळली. मग “बरं तम्मा, तुला कळतंय,” म्हणाली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अझहरला ते फार आवडलं.

त्याने अर्ज लिहिला आणि जीव ओतून लिहिला. गट नंबर, मोबाइल नंबर, कोपऱ्याचं माप, समाधीची हकिकत, पलीकडच्या पडीक जागेचा उल्लेख, सगळं मुद्देसूद. वाचून दाखवलं तेव्हा रत्नव्वाने पदर डोळ्यांना लावला. एरवी त्याने पीडीएफ केली असती. पण जोडपत्र चालणार नव्हतं, म्हणून त्याने सगळा मजकूर उचलून मेलमध्ये चिकटवला. पडद्यावर तो झकास दिसला. विषयात त्याने सवयीने इंग्रजीत ‘ऑब्जेक्शन’ असं टाकलं आणि मेल सोडला. टायपिंगचे पैसे त्याने घेतले नाहीत.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. समोरच्या कचेरीत हरकतींचं टेबल ज्याच्याकडे होतं त्या कारकुनाचं नाव होतं सम्राट. नाव सम्राट, आणि टेबल पार शेवटचं, संडासाच्या दाराशी. त्याने लिहिलं होतं, ‘मजकूर वाचता येत नाही. मुदतीत पुन्हा पाठवावा.’

अझहरने ते उत्तर दोनदा वाचलं. उत्तराखाली त्याचा स्वतःचा मेल जसाच्या तसा जोडलेला होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर त्याला स्वच्छ दिसत होतं. रत्नव्वातला जोड ‘व्व’सुद्धा कसा कोरल्यासारखा. त्याचं डोकंच फिरलं. वाचायचा कंटाळा, दुसरं काय. गाळ्यात झेरॉक्सला आलेल्या दोघा-तिघांना त्याने पडदा वळवून दाखवला. सांगा पावणं, यात काय वाचता येत नाही? त्यांनीही माना हलवल्या. सरकारी माणसाला चष्मा लागलाय म्हणून सगळे हसले. कचेरी रस्ता ओलांडून चाळीस पावलांवर होती. पण अझहर उठला नाही. त्याने तोच मेल पुन्हा पाठवला आणि वर खास आपल्या फॉन्टात एक ओळ चढवली, ‘मजकूर स्पष्ट आहे, कृपया नीट वाचावा.’ नंतर सम्राटचं काही उत्तर आलं नाही. बरा वठणीवर आणला, असं अझहरला वाटलं.

रत्नव्वाचे दोनदा फोन आले. सुनावणीची तारीख लागली का, ती विचारायची. सरकारी काम आहे, बोलावतील, धीर धर, असं तो सांगायचा. दुसऱ्या फोनच्या वेळी लग्नसराई होती, गाळ्यात रांग होती, म्हणून त्याने जरा घाईनेच ठेवला.

मे सरता सरता ती स्वतः आली. पायांत चपला नव्हत्या, आणि तिच्या ते लक्षात नसावं. बहिणीच्या नातीच्या लग्नाला ती चार दिवस आजऱ्याला गेली होती. परत आली तर कोपरा नव्हता. कट्टा नव्हता, बेल नव्हता, तिथे रोलर फिरवलेली सपाट तांबडी पट्टी होती. शेजारच्या राजवीरने सांगितलं, मशीन एका सकाळीत सगळं उचलून गेलं. राजवीरनेही हरकत घेतली होती, त्याच्या विहिरीसाठी. त्याला एप्रिलात सुनावणीला बोलावलं, आणि त्याच्या हद्दीत रस्ता अठरा फूट सरकला.

हे सांगून तिने पिशवीतून घडी केलेला एक कागद काढला. ती आधी कचेरीत जाऊन आली होती. मला का बोलावलं नाही, असं तिने सम्राटला विचारलं, तेव्हा त्याने फाइल काढली आणि त्या तारखेला मेलने आलेला हा एकच निनावी कागद आहे म्हणत त्याची झेरॉक्स तिच्या हातात दिली.

“तम्मा, ह्यात काय लिवलंय वाचून दाव. त्यो म्हनतोय ह्योच तुमचा अर्ज आसंल. मला आक्षर येत न्हाय, पर हे आपल्या आक्षरावानी दिसंना.”

अझहरने कागद उलगडला. वर त्याच्या गाळ्याचा मेल पत्ता होता, तारीख होती, इंग्रजीतला ‘ऑब्जेक्शन’ होता. खाली पान भरून चौकोन होते. नुसते रिकामे, एकसारखे, ओळीने मांडलेले. मध्ये शब्दांची जागा सुटलेली, परिच्छेद पडलेले, शेवटी सहीच्या जागी उजवीकडे सरकलेले सात-आठ चौकोन. गट नंबरही चौकोन आणि मोबाइल नंबरही चौकोन.

“त्यांच्या प्रिंटरचा घोळ हाय,” तो लगेच म्हणाला, आणि म्हणताना त्याची खात्रीच होती. त्याने संगणकावर तो जुना मेल उघडला, पडदा तिच्याकडे वळवला. हे बघ आक्का, सगळं ठीक आहे. तिने पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“तुज्याकडं दिसतंय,” ती म्हणाली. “त्येंच्याकडं का दिसलं न्हाय?”

चौथी शिकलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न अझहरने स्वतःला फेब्रुवारीत विचारायला हवा होता. आता त्याने खिशातून मोबाइल काढला. गाळ्याचा मेल त्याने मोबाइलवर कधी उघडलाच नव्हता. खटपट करून उघडला. सम्राटचं उत्तर आलं, तेही वाचता येईल असं, ‘मजकूर वाचता येत नाही’. त्याच्याखाली बोटाने सरकवत गेला आणि चौकोनांमागून चौकोन येत राहिले. आपण वर चढवलेली खोचक ओळ शोधली. तीही चौकोनच होती.

मग त्याला सगळं एकदम उमगलं, आणि कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्याचा फॉन्ट फक्त त्याच्या संगणकात होता. त्या फॉन्टात ‘क’ हा जगाचा ‘क’ नव्हताच. त्या फॉन्टाने आपली अक्षरं स्वतःपुरत्या खणांत ठेवली होती, आणि मेलमधून गेले ते नुसते खणांचे नंबर. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला त्या खणात काहीच सापडत नाही, म्हणून संगणक तिथे रिकामा चौकोन काढतो. विषयाच्या रकान्यात तो फॉन्ट लागत नाही, म्हणून तिथे ते चौकोन त्यालाही दिसले होते. बावीस वर्षं ती रांग त्याच्या डोळ्यांसमोर उभी होती आणि तो इंग्रजी लिहून पुढे सरकत होता.

वाईट हे की त्याला त्याच क्षणी सुटकेची वाटही दिसली. समोरच्या बाईला मराठी वाचता येत नव्हतं. कचेरीच्या मशीनचा दोष म्हटलं असतं तर तिने मान हलवली असती, कचेरीला चार शिव्या घातल्या असत्या आणि त्याला तम्माच म्हणत राहिली असती. त्याने तोंड उघडलंही होतं. पण तिची नजर त्याच्या हातातल्या मोबाइलवर होती. चौकोन ओळखायला शाळा लागत नाही.

“आक्का, चूक माजी हाय,” तो म्हणाला. “त्येंनी सांगितलं हुतं वाचता येत न्हाय म्हणून. मुदत संपायला एक दिवस हुता. मला वाटलं त्योच खोटं बोलतोय.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ कागदाची घडी नीट करत राहिली.

“म्या हातानं देतो म्हनलं हुतं,” ती शेवटी म्हणाली. त्यात दोष देणं नव्हतं. ती ते स्वतःलाच सांगत होती, आणि अझहरला तेच सोसवेना. त्याने काहीतरी बोलायला सुरुवात केली, माफी, भरपाई, वकील, असं हाताला येईल ते. तिने ऐकून घेतलं नाही.

“ते ऱ्हाऊ दे. आता येक लिवून दे. तिथली माती कुठं नेऊन टाकली, ते इचार त्येंना. हाडं घावत्यात का बघतो. न्हाय घावली तर जागा तरी कळंल.”

अझहर कीबोर्डकडे वळला आणि थांबला. बोटं आपोआप जुन्या जागी जाऊन बसली होती. त्याने हात मागे घेतले आणि मोबाइलवर लिहायला घेतलं, एका बोटाने, ज्यांना तो आयुष्यभर हसला त्यांच्यासारखं. ‘रत्नव्वा’ लिहायला त्याला तीन खेपा लागल्या. अर्ज चारच ओळींचा झाला. तो त्याने संगणकावर उघडून पाहिला, शेजारच्या चहावाल्याच्या मोबाइलवर पाठवून पाहिला, ज्यूसवाल्याच्या मोबाइलवर पाठवून पाहिला. सगळीकडे ‘पवित्रा’ पवित्राच दिसत होती. एवढं करायला त्याला दहा मिनिटं लागली. फेब्रुवारीतही दहाच लागली असती, आणि हा विचार आता मरेपर्यंत आपल्याला सोडणार नाही हे त्याला कळत होतं.

छापून घेऊन तो तिच्यासोबत निघाला. तिने नको म्हटलं नाही. गाळा त्याने तसाच उघडा टाकला. चाळीस पावलं चालून दोघे सम्राटच्या टेबलापाशी गेले. सम्राट तिशीतला, बारीक, पोटाच्या तक्रारी असल्यासारखा चेहरा असलेला मुलगा निघाला. अझहरने त्याला सांगितलं की तो मेल माझा होता. सम्राट म्हणाला, त्याने तो तेव्हा दोन वेगवेगळ्या संगणकांवर उघडून पाहिला होता. दुसऱ्या खेपेला मेल आला तेव्हा वरिष्ठांनी ‘अवाचनीय’ असा शेरा मारून फाइलला लावायला सांगितला. नाव नाही, नंबर नाही, फोन कुणाला करणार.

मग त्याने नवा अर्ज हातात घेतला आणि सवयीने पुटपुटत वाचू लागला. ‘माझी मयत मुलगी पवित्रा शिवय्या हिची समाधी दिनांक बावीस मे रोजी रस्त्याच्या कामात काढण्यात आली. तेथील माती कोणत्या ठिकाणी टाकली, ते मला कळवावे.’ अर्जात न कळण्यासारखं काही नव्हतं. त्याने त्यावर शिक्का मारला, आवक नंबर घातला, पोच रत्नव्वाच्या हातात दिली आणि पेन खाली ठेवलं.

“लेखी उत्तर येईल,” तो म्हणाला. “पर मावशी, मी आत्ताच सांगतो, उगं वाट बघू नका. त्या पट्ट्यातली माती फुडं भरावाला वापरल्या. दीड किलोमीटरचा भराव हाय. चार दिवस डंपर चालले. कुठली माती कुठं पडली ह्याची नोंद कुणी ठेवत न्हाई.”

“भराव म्हंजे?”

“रस्त्याच्या खाली. नव्या रस्त्याच्या.”

रत्नव्वाने पोच पिशवीत ठेवली. तो रस्ता कधी सुरू होणार, असं तिने विचारलं. दिवाळीपर्यंत, सम्राट म्हणाला, आणि कुरुंदवाडच्या एसट्या मग तिकडूनच वळतील.

“म्हंजे आता म्या तिच्या अंगावरनं येनार-जानार,” ती म्हणाली.

सम्राटने खाली बघून फाइलची दोरी बांधायला घेतली. अझहर तिच्या मागे दोन पावलांवर उभा होता. ती वळेल आणि आपल्याला काहीतरी म्हणेल, म्हणून तो थांबला होता. ती वळली, त्याच्या बाजूने पुढे गेली आणि दाराकडे चालू लागली. तम्मा म्हणून तिने त्याला हाक मारली नाही.